फोटोतल्या गॅंट चार्टवरून तारखा कशा वाचायच्या?

साइट ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या गॅंट चार्टचा, म्हणजे प्रत्येक काम तारखांखाली आडव्या पट्टीने दाखवणाऱ्या तक्त्याचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पट्ट्यांची लांबी मोजायची आणि त्रैराशिकाने तारखा काढायच्या, ही पद्धत सर्रास वापरली जाते. फोटो अगदी समोरून काढला असेल तर ती चालते. तिरका काढला असेल, आणि बहुधा तो तसाच असतो, तर ती चुकते. चूक किती मोठी असते, ते एका लहान बांधकामाच्या नमुन्यावर पाहू.

चार्टच्या वरच्या तारखांच्या ओळीत दर सोमवारी उभी रेघ आहे. 3 नोव्हेंबर 2025 ची रेघ शून्य धरून त्या ओळीवर मोजलं, तर 17 नोव्हेंबर 600 पिक्सेलवर, 1 डिसेंबर 1050 वर आणि 15 डिसेंबर 1400 वर येतो. कागदावर सारखे असलेले पंधरवडे फोटोत 600, 450 आणि 350 पिक्सेलचे झाले आहेत, कारण चार्टची उजवी बाजू कॅमेऱ्यापासून दूर होती. त्रैराशिक लावलं तर 700 पिक्सेल म्हणजे बरोबर निम्मे, 21 दिवस. खरं उत्तर 16.8 आहे. चार दिवसांहून जास्त फरक पडतो.

हे आकुंचन मात्र मनमानी नसतं. सपाट कागदावरच्या सरळ रेषेचा फोटो कितीही तिरका असला तरी ठरावीक सूत्र पाळतो:

```
दिवस = A × x ÷ (B − x)
```

A आणि B या दोनच संख्या अज्ञात आहेत, म्हणून शून्याखेरीज दोन रेघा पुरतात. 600 ला 14 आणि 1050 ला 28 दिवस घातले की A = 84 आणि B = 4200 मिळतात. यातल्या B ला सुंदर अर्थ आहे. चार्टच्या आडव्या ओळी उजवीकडे वाढवत नेल्या तर त्या जिथे एकमेकींना मिळतील, ती जागा 4200 पिक्सेलवर आहे. रेल्वेचे रूळ क्षितिजावर मिळताना दिसतात, तेच इथे घडतं. x तिथे पोचला की छेद शून्य होतो आणि दिवस अनंत.

न वापरलेली 1400 ची रेघ पडताळणीसाठी ठेवावी. 84 × 1400 ÷ 2800 = 42, म्हणजे 15 डिसेंबर बरोबर आला. तो 41 आला असता तर कागद फुगलाय, भिंतीपासून सुटलाय किंवा लेन्सने रेषा वाकवल्यात असं समजावं. मग अख्ख्या चार्टला एक सूत्र न लावता जवळच्या दोन रेघांच्या मध्येच मोजावं.

खालच्या पट्ट्यांची टोकं फोटोतल्या उभ्या रेघांच्या कलानेच वरच्या ओळीवर न्यायची, स्क्रीनच्या काटकोनात नव्हे. फोटो सरळ करणारं सॉफ्टवेअर चार कोपरे घेऊन हे सगळं एकदम करतं. पण धूसर भाग त्यानेही स्पष्ट होत नाही: इथे डावीकडे एक दिवस 49 पिक्सेलचा आहे, उजव्या टोकाला जेमतेम 22 चा.

आता पायाची पट्टी 323 ते 808 पिक्सेल आहे. सूत्राने 7 आणि 20 येतात. डावी कड म्हणजे सोमवार 10 नोव्हेंबरची सकाळ. उजवी कड म्हणजे विसावा दिवस संपल्याचा क्षण, शनिवार 22 नोव्हेंबरची अखेर. तिला 23 तारीख वाचणं ही नेहमीची चूक. मधला एक रविवार वगळून कामाचे दिवस 12. त्रैराशिकाने हेच काम 12 तारखेला सुरू होऊन 27 पर्यंत लांबलं असतं. बाकीच्या पट्ट्याही अशाच वाचल्या की हा तक्ता तयार होतो:

```
क्र, काम, सुरुवात, दिवस, आधीचे
1, खोदकाम, 03-11-2025, 6,
2, पाया, 10-11-2025, 12, 1FS
3, कॉलमचे लोखंड, 10-11-2025, 6, ?
4, कॉलम, 24-11-2025, 6, 2FS
```

FS म्हणजे आधीचं संपल्यावर पुढचं सुरू. दोन पट्ट्यांना जोडणारा बाण कोणत्या कडेतून निघतो आणि कोणत्या कडेशी पोचतो, ते पाहून हे ठरतं. दोन्ही डाव्या कडा असतील तर SS, म्हणजे सोबत सुरुवात. खोदकाम आणि पाया यांच्यातली फट रविवारची आहे, ती लॅग, म्हणजे दोन कामांमध्ये मुद्दाम ठेवलेला अवधी, म्हणून लिहू नये.

तिसऱ्या कामाला बाण दिसत नाही. "फोटो टाका, वेळापत्रक मिळवा" अशी जाहिरात करणारी ॲप अशा ठिकाणी तारखा जुळल्या की संबंध जोडून टाकतात. हा निव्वळ अंदाज आहे. हेन्री गॅंटच्या मूळ तक्त्यांत असे बाण नव्हतेच. कामांच्या परस्परावलंबनाचं गणित 1950 च्या दशकाच्या अखेरीस आलं.

यासाठी एक कसोटी आहे. सुरुवातीच्या तारखा पुसून फक्त अवलंबनांवरून वेळापत्रक पुन्हा काढायचं. लोखंडाचं काम 3 नोव्हेंबरला सरकतं, म्हणजे त्याला 10 वर धरून ठेवणारं काहीतरी निसटलंय. ते 1FS असेल, 2SS असेल किंवा माल येण्याची ठरलेली तारीख असेल. खोदकाम लांबलं तर पहिल्या दोन्हींत लोखंडही लांबेल, तिसऱ्यात नाही. फोटो हे सांगू शकत नाही, साइट इंजिनिअरलाच विचारावं लागतं.

कसोटीलाही मर्यादा आहे. लोखंड तयार नसेल तर कॉलम उभा राहणार नाही, पण 3 ते 4 हा दुवा गाळला तरी कॉलमची तारीख हलत नाही, कारण ती पायाने ठरते आणि लोखंड आठवडाभर आधीच तयार आहे. असे दुवे बांधकामाचा क्रम ओळखणाऱ्याने तक्ता ओळीओळीने वाचून हाताने भरायचे असतात.