स्टॅगफ्लेशन (मंदीतली महागाई)

स्टॅगफ्लेशन म्हणजे महागाई वाढतेय आणि त्याच वेळी धंदा थंड पडून बेकारीपण वाढतेय अशी अवस्था. स्टॅग्नेशन आणि इन्फ्लेशन हे दोन शब्द जोडून हा शब्द झालाय. १९६५ मध्ये ब्रिटिश खासदार इयन मॅक्लाउड यांनी तो पार्लमेंटमध्ये वापरला, पण जगभर तोंडी बसला तो १९७३ नंतर, आणि स्टॅगफ्लेशन समजून घ्यायचं तर १९७३ ते ७५ मधली अमेरिकाच बघावी लागते.

आधी अर्थतज्ज्ञांना हे कोडं का वाटलं ते बघू. १९५८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनचे १८६१ ते १९५७ असे जवळजवळ शंभर वर्षांचे आकडे मांडले, त्यात दिसलं की बेकारी कमी असते तेव्हा मजुरी भराभर वाढते आणि बेकारी जास्त असते तेव्हा मजुरी जवळपास जागेवरच राहते. दोन वर्षांनी सॅम्युएल्सन आणि सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेसाठी मजुरीच्या जागी महागाई ठेवून तसाच वक्र काढला, आणि मग सरकारी धोरण ठरवणाऱ्यांनी तो जवळपास हॉटेलातल्या मेन्यूकार्डासारखा वाचायला सुरुवात केली, म्हणजे बेकारी कमी हवी असेल तर थोडी महागाई सोसा, महागाई कमी हवी असेल तर थोडी बेकारी सोसा. दोन्ही एकदम वाढतील असा पर्याय त्या कार्डावर नव्हताच. यामागचा विचारही सरळ होता, लोकांच्या हातात पैसा जास्त आला की मागणी वाढते, भाव चढतात, कारखाने माणसं घेतात, आणि मागणी पडली की सगळं उलटं होतं. यात हलणारी गोष्ट एकच, मागणी.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं, आणि तीनेक डॉलरला मिळणारं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. १९७४ च्या शेवटी अमेरिकेतली महागाई वर्षाला १२ टक्क्यांच्या पुढे होती, आणि बेकारी, जी १९७३ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास होती, ती मे १९७५ मध्ये ९ टक्क्यांवर पोचली. सरकार किती गोंधळलं होतं ते प्रेसिडेंट फोर्ड यांच्या तीन महिन्यांतच दिसतं: ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांनी महागाईला एक नंबरचा शत्रू म्हणून जादा कर लावायचा प्रस्ताव आणला, लोकांना छातीवर लावायला विन, म्हणजे व्हिप इन्फ्लेशन नाऊ, महागाईला आता झोडपा, असं लिहिलेले बिल्ले काढले, आणि जानेवारी १९७५ उजाडला तर तेच फोर्ड मंदी घालवायला करकपात मागत होते. यात फोर्ड यांना धरसोड करणारे म्हणून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही, कारण त्या काळच्या हत्यारांपैकी प्रत्येक हत्यार एका दुखण्यावर चालवलं की दुसरं दुखणं वाढत होतं.

भाव आणि बेकारी एकदम कसे वाढतात हे एका कारखान्यावर बघू. समजा प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात. बादली १०० रुपयांना जाते, त्यात ४० रुपये कच्चा माल, ४० मजुरी, २० बाकीचा खर्च आणि नफा. तेल महागल्यामुळे कच्चा माल ४० चा ८० झाला. जुन्या हिशोबाने आता बादली १४० ला विकायला पाहिजे, पण तेवढ्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून मालक नफा सोडून, इकडेतिकडे काटकसर करून १२५ ला आणतो. तरी खप उतरतोच, कारण गिऱ्हाइकाचं पेट्रोल आणि रॉकेलही महागलंय, त्याच्या खिशात बादलीसाठी पैसे उरत नाहीत. दोन पाळ्या होत्या त्यातली एक बंद होते. आता आकडे बघा, बादलीचा भाव २५ टक्के वर आणि निम्मे कामगार घरी, आणि मागणी कुणी वाढवलेली नाही. धक्का पुरवठ्याकडून आला. फिलिप्सच्या वक्राचा मेन्यूसारखा वापर करताना हीच बाजू हिशोबात धरली नव्हती.

खरं तर महाराष्ट्रातल्या शेतमजुराला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी महाग झाली आणि त्याच वेळी शेतावर कामच उरलं नाही, लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले, आणि इकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. पीक बुडालं की धान्य महाग आणि मजूर रिकामा, हे शेतीच्या जगात जुनंच होतं. तेलाने तेच कारखान्यांच्या देशात करून दाखवलं.

पण इथे एक अडचण राहते. तेल चौपट झालं तर भाव एकदा उडी मारतील, समजू शकतो, पण ते वर्षानुवर्षं चढतच का राहिले? याचं उत्तर तेलाच्या धक्क्याआधीच तयार होतं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ च्या भाषणात, आणि एडमंड फेल्प्स यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे, असं मांडलं होतं की फिलिप्सचा वक्र लोकांच्या अपेक्षेवर उभा आहे. लोकांना महागाई वाढेल असं वाटत नाही तोपर्यंतच ती वाढवून बेकारी कमी करता येते. एकदा कामगाराच्या डोक्यात बसलं की पुढच्या वर्षी भाव १० टक्के वाढणार, की तो पगारवाढ १० टक्क्यांनीच मागतो, मालकही देतो कारण त्यालाही वाटतं की आपला माल तेवढा महाग विकता येईल, आणि बाहेर बेकारांची रांग असली तरी हे चक्र चालू राहतं. अमेरिकेत तर कित्येक युनियनच्या करारात महागाई वाढली की पगार आपोआप वाढेल असं कलमच होतं.

त्यामुळे सगळं तेलावर ढकलता येत नाही. १९७३ च्या युद्धाआधीच अमेरिकेतली महागाई ७ टक्क्यांच्या वर होती, कारण धान्य महागलं होतं, फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, पैसा सैल सोडला होता, आणि ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी भाव आणि पगार ९० दिवस गोठवले, पुढेही कंट्रोल चालू ठेवला, तो एप्रिल १९७४ मध्ये सुटला तेव्हा दाबून ठेवलेले भाव एकदम वर आले. यातला किती वाटा तेलाचा आणि किती फेडचा यावर अर्थतज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

चक्र तुटलं ते पॉल व्होल्कर यांच्या काळात. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीने तेल पुन्हा भडकलं, त्याच ऑगस्टमध्ये व्होल्कर फेडचे प्रमुख झाले आणि त्यांनी पैसा इतका आवळला की १९८१ मध्ये व्याजदर १९ टक्क्यांच्या वर गेले. घरं बांधणारे बिल्डर चिडून फेडला लाकडाचे तुकडे पोस्टाने पाठवायचे, कारण लाकूड पडून होतं आणि घर घ्यायला कुणी कर्ज काढत नव्हतं. १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के झाली, आणि १९८० मध्ये १४ टक्क्यांच्या वर असलेली महागाई ४ टक्क्यांच्या खाली आली, कारण फेड आता मागे हटणार नाही हे लोकांना पटलं होतं.

हल्ली भाव वाढले की लगेच स्टॅगफ्लेशन म्हणतात, ते चुकीचं आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के होती, पण बेकारी फक्त ३.६ टक्के होती आणि दुकानांबाहेर माणसं पाहिजेत अशा पाट्या लागल्या होत्या, म्हणजे ती साधी महागाई होती. स्टॅगफ्लेशन म्हणायला दोन्ही आकडे एकाच वेळी वर जाताना दिसायला पाहिजेत, आणि तेही एखाद्या महिन्यापुरते नाही.