भिंतीआडचा उजेड: व्हॉक्सेल कोन ट्रेसिंगची पार्श्वभूमी

‘व्हॉक्सेल कोन ट्रेसिंग’ या नावातला कोन भूमितीतला कोन नव्हे. तो इंग्रजीतला कोन, म्हणजे शंकू. मराठीत हे नाव वाचताना पहिली गल्लत इथेच होते. गेमसारख्या संगणकी दृश्यांत वस्तूंवरून उडालेला उजेड झटपट मोजायचं हे तंत्र. त्याची एक खोड म्हणजे गळती: भिंतीपलीकडचा उजेड भिंतीतून आत झिरपतो.

फरशीवर ऊन पडलं की छतही उजळतं, कारण फरशीवरून उडालेला उजेड सगळीकडे पसरतो. हा पसरट, परावर्तित उजेड मोजण्याचा रेडिओसिटीचा मार्ग १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात मांडला गेला. १९८६ मध्ये कजिया यांनी प्रकाशाचं सर्वसाधारण समीकरण लिहिलं. ते सोडवायचं तर प्रत्येक बिंदूपासून असंख्य किरण सोडावे लागतात, आणि सेकंदाला तीस चित्रं काढणाऱ्या गेमला ते झेपत नव्हतं. १९८४ सालीच अमनाटिडीस यांनी एक वेगळी वाट दाखवली होती: किरणांचा जुडगा सोडण्याऐवजी एकच जाड शंकू सोडायचा. पण संगणकी दृश्य त्रिकोणांचं बनलेलं असतं, आणि शंकूत त्यातलं नेमकं काय काय सापडलं हे मोजणं किचकट असतं.

ती अडचण व्हॉक्सेलनी सोडवली. सिरील क्रासाँ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दृश्याचे छोटे घन, म्हणजेच व्हॉक्सेल, केले, प्रत्येकात रंग, उजेड आणि अपारदर्शकता साठवली आणि त्यांचे मिपमॅप बनवले. म्हणजे आठ घनांची सरासरी काढून एक मोठा घन, मग तशा आठांचा आणखी मोठा. शंकू पुढे जाताना रुंदावतो, तशी वरची पातळी वाचायची. पसरट उजेडासाठी पाच-सहा रुंद शंकू पुरतात. सगळा वेग या सरासरीतून येतो, आणि गळतीही तिथूनच होते.

आकडे मांडून पाहू. ५१.२ मीटर बाजूचा घनाकार परिसर घ्या आणि प्रत्येक बाजूला ५१२ व्हॉक्सेल करा. एक व्हॉक्सेल १० सेंटीमीटरचा झाला. बाहेर कडक ऊन, मध्ये १० सेंटीमीटर जाडीची भिंत, आत अंधारी खोली. भिंतीपासून ७० सेंटीमीटरवरच्या बिंदूतून ६० अंशांचा शंकू भिंतीकडे सोडला, तर भिंतीपाशी त्याचा व्यास साधारण ८० सेंटीमीटर होतो. म्हणून वाचन तिसऱ्या पातळीवरून होतं, जिथे एक घन ८० सेंटीमीटरचा आहे. त्या घनाच्या जाडीत भिंत आठातला एकच थर व्यापते. सरासरीत तिची अपारदर्शकता उरते साडेबारा टक्के! शंकूला ती धुक्यासारखी वाटते, आणि बाहेरच्या अंगणातला बहुतेक उजेड आत येतो.

यावर मूळ पद्धतीतच एक उपाय होता: वरच्या पातळ्यांवर सहा दिशांसाठी सहा मूल्यं ठेवायची. त्या त्या दिशेने आधी पुढचा घन मागच्याला किती झाकतो ते पाहायचं, नंतर सरासरी काढायची. मग अक्षाला काटकोनात उभी असलेली आपली भिंत पूर्ण अपारदर्शक राहते. तिरकी भिंत मात्र गळत राहते. आणि भिंत व्हॉक्सेलपेक्षा पातळ असेल तर तिची उन्हातली आणि सावलीतली बाजू एकाच घनात मिसळलेली असते. तिथे दिशा सांभाळूनही फारसं साधत नाही.

शिवाय हा उपाय फुकट नाही. प्रत्येक व्हॉक्सेलला चार बाइट धरले तर ५१२ च्या पूर्ण घनाला ५१२ मेगाबाइट लागतात. साध्या मिपमॅपची भर सुमारे ७३ मेगाबाइट, सहा दिशांची सुमारे ४३९. व्हॉक्सेल ५ सेंटीमीटरचा करून गळती कमी करायची म्हटलं तर हे सगळं आठपट.

म्हणूनच क्रासाँ यांनी पूर्ण घनाऐवजी विरळ ऑक्ट्री वापरली, म्हणजे गरज असेल तिथेच घनाचे आठ-आठ भाग करत जाणारं झाड. रिकाम्या हवेला जागा द्यायचीच नाही. पण शेजारच्या घनांची मूल्यं एकमेकांत सलग मिसळायला हवीत म्हणून झाडाच्या प्रत्येक गाठीला २ बाय २ बाय २ ऐवजी ३ बाय ३ बाय ३ चा तुकडा लागतो: आठाऐवजी सत्तावीस मूल्यं. शिवाय झाडातून खाली उतरण्याचा खर्च आणि हलत्या वस्तूंसाठी झाडाची डागडुजी आलीच. गेम बनवण्याच्या अनरियल इंजिन ४ च्या ‘एलिमेंटल’ डेमोत २०१२ मध्ये हे तंत्र दिमाखात झळकलं. २०१४ मध्ये इंजिन सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा ते त्यात नव्हतं.

त्याच वर्षी आलेल्या एनव्हिडियाच्या व्हीएक्सजीआय या याच तंत्राच्या आवृत्तीने ऑक्ट्री सोडून क्लिपमॅप घेतला. कॅमेऱ्याभोवती सारख्याच संख्येचे, पण दर वेळी दुप्पट मोठे होत जाणारे घन. आपल्या हिशेबात १२८ च्या सहा पातळ्या घेतल्या तर एका दिशेचे ४८ मेगाबाइट आणि सुमारे ४१० मीटरपर्यंतचा परिसर. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो, पण त्यात १० सेंटीमीटरची बारकाई फक्त जवळच्या १२.८ मीटरच्या घनातच मिळते. दूरच्या इमारतींच्या भिंती पुन्हा गळतात, आणि कॅमेरा जवळ जाताच तिथला उजेड बदलतो.

गळती ओळखायला दारं-खिडक्या नसलेली बंद खोली करावी, बाहेर सूर्य लावावा. आतली फरशी उजळली आणि भिंत दोन-तीन व्हॉक्सेल जाड केल्यावर ती काळवंडली, तर दोष सरासरीचा आहे. गोडो या गेम इंजिनचं दस्तऐवजीकरण त्याच्या व्हॉक्सेल जीआय या याच जातीच्या सोयीसाठी भिंती पुरेशा जाड ठेवायला सांगतं, ते याचसाठी.