फॅक्स ९६०० वरून ७२०० वर का उतरायचा? सोळा ठिपक्यांची पार्श्वभूमी

मुंबईत २०१२ साली केबल डिजिटल झाली आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. गच्चीवरच्या अॅम्प्लिफायरला केबलवाला मीटर जोडतो तेव्हा पडद्यावर आठ बाय आठचा ठिपक्यांचा चौकोन उमटतो. हा ६४-क्वाम, म्हणजे क्वाड्रॅचर अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनचा नकाशा. त्याला कॉन्स्टेलेशन म्हणतात. मात्र टेलिफोन लाइनवर ही पद्धत पहिल्यांदा रुळली तेव्हा तिचा नकाशा चौकोनी नव्हता, आणि त्यामागचं कारण कळलं की वेग आणि नॉइज यांचा सौदाही कळतो.

एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन लहरी, एक दुसरीपेक्षा पाव फेरा मागे, एकत्र पाठवल्या तरी रिसीव्हर त्या वेगळ्या करू शकतो. प्रत्येकीची पातळी मोजली की दोन आकडे मिळतात, आणि कागदावर एक ठिपका. ठिपके सोळा असतील तर एका ठिपक्यातून चार बिट जातात. टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून नेते. त्यात सेकंदाला २४०० ठिपके बसवले, तर वेग होतो ९६०० बिट. याहून जास्त हवा असेल तर ठिपके वाढवायचे. पण ताकद तेवढीच असल्याने ते जवळजवळ येतात, आणि थोड्या नॉइजनेही रिसीव्हर शेजारचा ठिपका वाचतो.

चौकोनी मांडणी १९६२ मध्येच कॅम्पोपियानो आणि ग्लेझर यांनी मांडली होती. दोन्ही लहरींना −३, −१, १, ३ या पातळ्या द्यायच्या. शेजारच्या ठिपक्यांत अंतर २ आणि सरासरी ताकद, म्हणजे मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, १०. साध्या नॉइजसाठी हा चौकोन चांगलाच होता. पण तेव्हाच्या लाइनींवर आणखी एक दोष असे. दूरच्या कॉलसाठी अनेक संभाषणं एका केबलवर चढवणाऱ्या यंत्रणेच्या ऑसिलेटरमध्ये विजेच्या पुरवठ्याचा हेलकावा शिरायचा. त्यामुळे सगळा नकाशाच मध्याभोवती मागेपुढे झुलायचा. यालाच फेज जिटर म्हणतात. चौकोनाचा कोपऱ्यातला ठिपका (३, ३) सुमारे १७ अंश वळला की शेजाऱ्याच्या हद्दीत जातो.

म्हणून कोडेक्स कंपनीच्या १९७१ च्या ९६०० बिटच्या मोडेमने आणि पुढे १९७६ च्या व्ही.२९ या आंतरराष्ट्रीय मानकाने वेगळी मांडणी घेतली. अक्षांवर ३ आणि ५ अंतरावर आठ ठिपके, तिरक्या रेषांवर (१, १) आणि (३, ३) यांसारखे आठ. एकाच अंतरावरचे ठिपके इथे एकमेकांपासून ९० अंश दूर राहतात. नकाशा साडेबावीस अंश वळेपर्यंत वाचन चुकत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. शेजाऱ्यांतलं किमान अंतर २ च ठेवून सरासरी ताकद १३.५ होते, म्हणजे साध्या नॉइजपुढे हा नकाशा चौकोनापेक्षा १.३ डेसिबलने कमजोर. त्या काळातल्या लाइनींसाठी मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो.

फोर्टमधल्या ऑफिसांतले फॅक्स याच व्ही.२९ वर चालायचे. पान सुटण्याआधी पाठवणारं मशीन ओळखीचा सराव-सिग्नल देई. पावसात केबलच्या जोडात पाणी शिरलं असेल, तर समोरचं मशीन तो नीट वाचता आला नाही असं कळवी, आणि पाठवणारं खालच्या वेगावर उतरे. ७२०० वर आतले आठच ठिपके उरतात, त्यांची सरासरी ताकद ५.५. पाठवायची ताकद १३.५ च ठेवून हा नकाशा फुगवला, तर शेजाऱ्यांतलं अंतर वाढतं आणि जवळपास ४ डेसिबल जास्त नॉइज सोसता येतो. मिनिटभराचं पान ८० सेकंदांत जाई, पण अक्षरं फाटत नसत.

पुढे रिसीव्हर नकाशाचा झोल मागोमाग दुरुस्त करायला शिकले आणि १९८४ च्या व्ही.३२ मध्ये चौकोन परतला. केबलनेही तोच घेतला. आता भाव असा: १६ वरून ६४, ६४ वरून २५६, प्रत्येक पायरीला सुमारे ६ डेसिबल, म्हणजे चौपट ताकद किंवा चौथाई नॉइज. पहिल्या पायरीला वेग निम्म्याने वाढतो, दुसरीला फक्त एक-तृतीयांशाने. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये ६४-क्वाम सुमारे ३८ मेगाबिट देतो, २५६-क्वाम सुमारे ५०.

दोष ओळखायलाही नकाशाच उपयोगी पडतो. सगळे ठिपके सारखेच फुगले असतील तर तो साधा नॉइज, तिथे कनेक्टर आणि सिग्नलची पातळी तपासायची. कोपरे आत ओढले गेले असतील तर अॅम्प्लिफायरवर जास्त भार आहे, पातळी वाढवायची नाही, कमी करायची. आणि मधले ठिपके ठीक पण बाहेरचे कमानीसारखे लांबलेले दिसले, तर तो फेजचा दोष. तो बहुतेक वेळा हेडएंडच्या, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्राच्या, मॉड्युलेटरमध्ये किंवा कन्व्हर्टरच्या ऑसिलेटरमध्ये असतो, त्यामुळे बिल्डिंगमधली वायर बदलून काही फरक पडत नाही.