बैठक ‘फॉरवर्ड’ केली, म्हणजे सोमवारी की शुक्रवारी?

समजा, पुण्यातील एका कार्यालयाची परदेशी सहकाऱ्यांबरोबरची बैठक बुधवारी, १४ तारखेला ठरलेली आहे. पुण्याहून निरोप जातो, की बैठक दोन दिवसांनी ‘प्रीपोन’ केली आहे. पलीकडच्या माणसाने हा शब्द पूर्वी ऐकलेला नसेल, तर त्याला ती चूक वाटते. क्वचित तो हसतोही. मग तो स्वतःच्या इंग्रजीत विचारतो, की बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली आहे का? खरा घोटाळा या दुसऱ्या वाक्यात आहे, कारण त्यातून बैठक सोमवारी आहे की शुक्रवारी, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही एकमताने सांगता येत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न प्रयोगांत वापरला आहे. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो विमानतळावरील लोकांनाही विचारला होता. कोणाला तरी घ्यायला येऊन थांबलेल्यांची उत्तरे जवळपास निम्मी-निम्मी विभागली गेली. नुकत्याच विमानातून उतरलेल्यांपैकी मात्र सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी शुक्रवार सांगितला. याचे स्पष्टीकरण असे, की काळाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या मनात एकाच वेळी असतात. एका रीतीत काळ स्थिर असतो आणि आपण त्यावरून चालत असतो. तेव्हा ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या चालण्याची दिशा, म्हणून शुक्रवार. दुसऱ्या रीतीत आपण उभे असतो आणि दिवस आपल्याकडे चालत येतात. तेव्हा ‘फॉरवर्ड’ म्हणजे त्या दिवसांच्या चालण्याची दिशा, म्हणून सोमवार. नुकताच प्रवास करून आलेल्या माणसाच्या मनात पहिली रीत ताजी असते.

मराठीत हा पेच पडत नाही. आपण बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणतो, तेव्हा ती नंतरच होणार असते, आणि लग्नाची तारीख ‘अलीकडे आणली’ म्हणतो, तेव्हा ते लवकरच होणार असते. ‘अलीकडे’ हा शब्द बोलणारा कुठे उभा आहे एवढेच पाहतो. काळ कोणत्या दिशेने चालला आहे, हे त्याला ठरवावे लागत नाही. मात्र याच सवयीमुळे मराठी माणूस इंग्रजीत फसू शकतो. ब्रिटिश कार्यालयातून बैठक ‘ब्रॉट फॉरवर्ड’ केल्याचा निरोप आला, तर ती लवकर होणार असते. तो मात्र ‘फॉरवर्ड’चे मनात ‘पुढे’ करून निश्चिंत राहतो आणि सोमवारची बैठक चुकवतो. ‘पोस्टपोन’च्या जोडीला बसवलेला ‘प्रीपोन’ हा पेच एका उपसर्गात सोडवतो. शिवाय तो केवळ आपल्याकडचा शोधही नाही: १९१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला आलेल्या एका पत्रात लेखकाने वकिलांच्या सोयीसाठी हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. माझ्या मते हसण्यासारखे यात काही नाही; अडचण एवढीच, की ज्याने शब्द ऐकलेला नाही त्याला तो निरुपयोगी असतो, म्हणून परदेशी निरोपात ‘सोमवार, १२ तारीख’ असे लिहिणेच बरे.

‘डू द नीडफुल’ची गोष्ट उलट आहे. हा प्रयोग ब्रिटनमध्येच जुना, अठराव्या शतकापासूनचा. तिकडे तो मागे पडला आणि आपल्या टिपणी-पत्रांत टिकला. मूळ देशात लोपलेले रूप वसाहतीत टिकून राहण्याला भाषाशास्त्रज्ञ अल्बर्ट मार्कवर्ट यांनी १९५८ मध्ये ‘कलोनियल लॅग’, म्हणजे वसाहतीचे मागे राहणे, असे नाव दिले. आपल्याकडे ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहिणारा समोरच्याच्या अधिकाराचा मान राखत असतो: काय करायचे ते आपण जाणताच, असा त्याचा भाव असतो. अर्ज कोणत्या टेबलावरून कोठे जातो हे दोघांनाही ठाऊक असते, तेव्हा हे वाक्य पुरते. बाहेरच्या माणसाला ती वाट ठाऊक नसते. त्याला त्यात हुकूम ऐकू येतो आणि कामाचा तपशील मात्र सापडत नाही. ‘नेमके काय हवे आहे?’ असे उलट उत्तर आले, की वाक्य पोहोचले नाही हे ओळखावे.

‘आउट ऑफ स्टेशन’ वाचून तोच माणूस रेल्वेचा फलाट डोळ्यांसमोर आणतो. वास्तविक कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या ब्रिटिश अमदानीत ‘स्टेशन’ म्हणजे जिल्ह्यातील इंग्रज अधिकारी वा पलटणीचे अधिकारी राहत ते ठिकाण. ‘हिल स्टेशन’मधले स्टेशनही तेच. नेमणुकीचे ठिकाण सोडायला परवानगी लागे, आणि आजही सरकारी नोकराला मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावी लागते. परगावच्या बँकेचा धनादेश आपल्याकडे ‘आउटस्टेशन चेक’ झाला तो याच अर्थाने. मराठीत या सगळ्याला ‘बाहेरगावी’ एवढा एक शब्द पुरतो, आणि त्यात रेल्वे कोठेच येत नाही.