स्टॉक बी-रोल : उणिवा भरणे व रूप जुळवणे

माहितीपटाच्या संकलनात एखादे आवश्यक दृश्य चित्रित झालेलेच नसेल, तर मोफत परवान्याची तयार क्लिप, म्हणजेच स्टॉक बी-रोल, तिथे बसवून तिचे रूप मूळ चित्रणाशी जुळवण्याची ही पद्धत आहे. पेक्सेल्स, पिक्साबे यांसारख्या संग्रहांतून अशा क्लिप मिळतात.

उदाहरणार्थ, इंदूरच्या सराफ्यावरील मराठी माहितीपट घेऊ. रात्री सराफी दुकाने बंद झाल्यावर तिथे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. एक आजी हिवाळ्यातल्या गराडू या तळलेल्या कंदाविषयी बोलत आहेत, पण गराडू तळतानाचे जवळचे दृश्य घेतलेले नाही आणि मुलाखतीतला कट झाकणे भाग आहे. संग्रहात खास गराडू सापडण्याची शक्यता कमी असल्याने केवळ उकळते तेल आणि वाफ दिसणारी, चेहरे व पाट्या नसलेली क्लिप निवडावी. पिवळट प्रकाशातली क्लिप मिळाल्यास निम्मे काम तिथेच होते, कारण दिवसाच्या निळसर उजेडातली, आठ बिटची, दाबून साठवलेली क्लिप ओढूनताणून पिवळी केली की वाफेत रंगांचे पट्टे उमटतात.

त्यानंतर गती पाहावी. मूळ चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे आणि क्लिप ३० फ्रेमची असेल, तर संकलन सॉफ्टवेअर साधारणपणे दर सेकंदाला ५ फ्रेम गाळते व हालचाल अडखळते. सगळ्या फ्रेम ठेवून क्लिप सुमारे ८३ टक्के वेगाने चालवल्यास हा दोष जातो. तेल आणि वाफ यांना ही संथता शोभते, चालत्या माणसांना मात्र ती शोभत नाही. २४ फ्रेमची क्लिप २५ वर नेताना वेग जेमतेम ४ टक्के वाढतो आणि तो सहसा कळत नाही.

नवखे संकलक प्रथम रंगाकडे वळतात. परंतु परकी क्लिप बहुधा सावल्यांवरून ओळखू येते. रात्रीच्या चित्रणात काळा भाग किंचित उजळ व खरखरीत असतो, तर स्टॉक क्लिपमध्ये तो गडद आणि स्वच्छ असतो. म्हणून वेव्हफॉर्म या उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर दोन्ही क्लिपची काळ्याची पातळी आधी जुळवावी, मग सर्वांत उजळ भागाची, त्यानंतर पांढऱ्याचा समतोल आणि शेवटी रंगांची तीव्रता. दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून रंग पूर्ण काढून पाहावेत. तरीही क्लिप वेगळी वाटली, तर चूक रंगात नसून उजेडात किंवा पोतात आहे. अतिरेकी धार थोड्या धूसरपणाने मोडावी आणि ग्रेन, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, त्यानंतरच चढवावे, अन्यथा धूसरपणा ग्रेनही गिळून टाकतो.

क्लिपचा स्वतःचा आवाज बंद करून सराफ्यात ध्वनिमुद्रित केलेला गलबला तिच्याखाली अखंड चालू ठेवावा. अशी क्लिप दोन-तीन सेकंदांपुरतीच टिकते. कढईचा आकार, झाऱ्याची घडण किंवा तळणाऱ्याचा हात दिसू लागला की इंदूरकर प्रेक्षक ती तत्काळ ओळखतो. तसेच विशिष्ट दुकान, व्यक्ती किंवा घटना यांचा पुरावा म्हणून ती दाखवणे ही फसवणूक ठरते, मग परवान्याची मुभा असली तरीही.