नऊच्या पुढे काय दिसतं?

ब्रेडबोर्डवर काउंटर जोडताना ७४९० ऐवजी चुकून ७४९३ लावली, की एक गंमत होते. सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे नीट येतात आणि मग दहाव्या ठोक्याला भलतंच काहीतरी उमटतं: खालच्या अर्ध्या भागात बारीक c सारखा आकार. त्यानंतर आणखी चार चमत्कारिक चिन्हं, मग कोरा डिस्प्ले, आणि पुन्हा शून्य. जोडणी सगळी बरोबर असते. ७४९० नऊनंतर शून्यावर येते, ७४९३ मात्र पंधरापर्यंत मोजते, आणि दोघींच्या पुढे बसलेली ७४४७ ही डीकोडर चिप मिळेल त्या आकड्याचं काहीतरी चित्र काढतेच.

ही चिन्हं कुठून येतात हे बघायला सातपैकी एकच पट्टी धरू: खालची, डावीकडची, उभी. तिला e म्हणतात. शून्य, दोन, सहा आणि आठ एवढेच आकडे काढताना ती पेटते. आकडा चार तारांवरून येतो. A ची किंमत आठ, B ची चार, C ची दोन आणि D ची एक. म्हणजे सहा हा आकडा 0110 असा येतो.

सत्यता सारणीवरून सरळ सूत्र लिहिलं तर पेटणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी चार अक्षरांचं एक पद येतं. अक्षरावरची ' ही खूण म्हणजे त्या तारेवर शून्य हवं. लागून लिहिलेली अक्षरं म्हणजे ‘आणि’, + म्हणजे ‘किंवा’.

```
e = A'B'C'D' + A'B'CD' + A'BCD' + AB'C'D'
```

यातली दुसरी आणि तिसरी पदं शेजारी ठेवून बघा. दोनसाठी A'B'CD', सहासाठी A'BCD'. फरक फक्त B चा. B शून्य असो वा एक, पट्टी पेटायचीच, तर B ला विचारायचं कशाला? दोन्ही मिळून A'CD' एवढंच उरतं. सगळं सुलभीकरण या एका युक्तीवर चालतं. अडचण एवढीच, की अशा जोड्या लांबलचक सूत्रात डोळ्यांना दिसत नाहीत. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ मध्ये मांडलेला नकाशा त्या दिसाव्यात म्हणूनच आहे. एडवर्ड व्हीच यांचा तक्ता त्याच्या आदल्याच वर्षी आला होता. कार्नॉ यांनी घरांचा क्रम असा बदलला की एकाच अक्षराचा फरक असलेली पदं कागदावरही शेजारी यावीत.

e चा नकाशा असा होतो:

```
        CD
AB    00  01  11  10
00     1   0   0   1
01     0   0   0   1
11     X   X   X   X
10     1   0   X   X
```

स्तंभांचा क्रम बघा: 00, 01, 11, 10. मोजणीच्या सवयीने हात 01 नंतर 10 लिहायला जातो आणि तिथेच नकाशा बिघडतो, कारण 01 आणि 10 मध्ये दोन्ही बिट बदलतात. मग शेजारी दिसणारी घरं खरी शेजारी राहत नाहीत. चूक पकडायची सोपी खूण आहे. दोन घरांच्या गटातून बरोबर एक अक्षर गळायला हवं, चारच्या गटातून दोन, आठच्या गटातून तीन. गट केला आणि हिशेब जुळला नाही, तर आधी स्तंभ आणि ओळींचे मथळे तपासा. तीन किंवा सहा घरांचा गट चालत नाही, तोही याच कारणाने.

आता X. दहा ते पंधरा हे आकडे डीकोडरकडे येणारच नाहीत असं आपण धरलंय. न येणाऱ्या आकड्याला पट्टी पेटली काय आणि विझली काय! म्हणून ही घरं ‘डोन्ट केअर’. सोयीचं असेल तिथे X ला एक समजायचं, नाही तिथे शून्य. सगळे X गटात घ्यायचा हट्ट मात्र धरायचा नाही. एकही 1 नसलेला, नुसत्या X चा गट म्हणजे फुकटचं गेट.

गट करायला घेऊ. सहाचं घर दुसऱ्या ओळीत, शेवटच्या स्तंभात आहे. त्या स्तंभात वरून खाली 1, 1, X, X आहेत. दोन्ही X एक मानले तर अख्खा स्तंभ हाती येतो. त्यात A बदलतो, B बदलतो, पण C कायम एक आणि D कायम शून्य. पद झालं CD'. दोन आणि सहा इथे झाकले गेले.

राहिले शून्य आणि आठ. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आठ खालच्या डाव्या. नवख्याला हे लांब वाटतात. कागदाची आडवी पुंगळी करा, वरची कड खालच्या कडेला भिडते, आणि त्या ओळी 00 व 10 अशा, एकाच बिटाच्या फरकाच्या आहेत. उभी पुंगळी केली की डावी कड उजवीला भिडते. म्हणजे चारही कोपरे एकमेकांचे शेजारी! वरचा उजवा कोपरा दोनचा, तिथे 1 आहेच. खालचा उजवा दहाचा, तिथे X. तोही एक मानून चार कोपऱ्यांचा गट करू. त्यात B आणि D कायम शून्य, म्हणून पद B'D'. दोनचं घर दोन्ही गटांत आलं, त्याला हरकत नाही.

```
e = B'D' + CD' = D'(B' + C)
```

सोळा अक्षरांची चार झाली, आणि D' बाहेर काढल्यावर तीन. A तर गायबच. हे पटत नसेल तर शब्दांत वाचा. D' म्हणजे आकडा सम. B' + C खोटं ठरतं फक्त B एक आणि C शून्य असताना, आणि नऊपर्यंतच्या सम आकड्यांत असा एकच, चार. ‘सम आहे, पण चार नाही’: शून्य, दोन, सहा, आठ. नकाशा सोडवल्यावर असं भाषेत वाचून बघण्याची सवय मला उत्तराच्या तपासणीपेक्षाही उपयोगी वाटते, कारण चुकीच्या सूत्राचं असं वाक्य सहसा होत नाही.

X न धरता केलं असतं तर A'CD' + B'C'D' इथेच थांबावं लागलं असतं. एक मर्यादाही सांगून ठेवतो: हा नकाशा एका पट्टीपुरतं बघतो. सात पट्ट्यांचे सात नकाशे काढले, तरी कुठलं गेट दोघांत वाटून घेता येईल हे त्यांतून कळत नाही. आणि चलांची संख्या सहाच्या पुढे गेली की कागदावर शेजार शोधणं नकोसं होतं, ते काम संगणकावर सोपवतात.

आता पुन्हा त्या चुकीच्या काउंटरकडे. X घरांना आपण ‘काहीही चालेल’ म्हटलं, पण सूत्र लिहिताक्षणी त्यांचा निकाल लागला. दहा आणि चौदा आपण गटात घेतले, म्हणून तिथे e पेटणार. अकरा, तेरा, पंधरा विषम, आणि बाराला B एक, C शून्य, म्हणून या चारांना ती विझलेली. ७४४७ च्या माहितीपत्रकात दहा ते पंधराची चिन्हं छापलेली असतात. त्यात e शोधा: दहाच्या त्या बारीक c मध्ये ती आहे, चौदाच्या t सारख्या आकारात आहे, आणि उरलेल्या चारांत नाही.