गुन्हा दाखल झाला आणि गुन्हा घडला: एफआयआरचा सारांश लिहिताना

एफआयआरच्या कागदावर दोन घटना असतात. पहिली म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजता एक व्यक्ती पोलीस ठाण्यात आली, तिने माहिती दिली आणि ती नोंदवली गेली. ही घटना पक्की असते. तिच्याखाली ठाण्याची सही असते, गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो, ठाणे दैनंदिनीतली नोंद असते. दुसरी घटना त्या व्यक्तीने सांगितलेली. ती खरी असेल, अर्धी खरी असेल किंवा गैरसमजातून आलेली असेल. कागद लिहिला जातो त्या क्षणी ते कुणालाच ठाऊक नसते. बहुतेक सारांश बिघडतात ते या दोन घटना एकाच वाक्यात कालवल्यामुळे.

पोलिसांनी गुन्हा दाखल केला म्हणजे त्यात तथ्य असणारच, असे आपल्याकडे सर्रास धरून चालतात. कायद्याचा रोख तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले की, दिलेल्या माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. माहिती खरी की खोटी हे आधी तपासत बसायचे नाही. काही प्रकारच्या प्रकरणांत मर्यादित प्राथमिक चौकशीची मुभा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही ती ठेवली आहे. पण नियम तोच: नोंद आधी, शहानिशा नंतर.

हे कागदावर कसे दिसते ते पाहू. खालची फिर्याद मी उदाहरणासाठी रचली आहे, पण तिची भाषा मुंबईतल्या कुठल्याही ठाण्यात सापडेल. माहीममधल्या एका सोसायटीत राहणाऱ्या ५८ वर्षांच्या बाई सांगतात: १ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री ८ वाजता त्यांनी चार तोळ्यांच्या सोन्याच्या बांगड्या बेडरूमच्या कपाटात ठेवल्या. ३ तारखेला त्या रत्नागिरीला गेल्या, ९ तारखेला परतल्या. त्या रात्री ९ वाजता कपाट उघडले तेव्हा बांगड्या नव्हत्या. घराची एक चावी घरकाम करणाऱ्या महिलेकडे होती. ‘तिच्याकडे विचारणा केली असता तिने उडवाउडवीची उत्तरे दिली. त्यामुळे तिनेच माझ्या संमतीशिवाय, मुद्दाम लबाडीने सदर बांगड्या चोरून नेल्याची माझी खात्री झाली आहे.’ घरात शोधाशोध आणि नातेवाइकांकडे विचारपूस करण्यात वेळ गेला, म्हणून त्या १२ नोव्हेंबरला संध्याकाळी ७.२० वाजता ठाण्यात आल्या. कलम लागले भारतीय न्याय संहितेचे ३०६, म्हणजे नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची केलेली चोरी.

आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा सारांश असा असतो: ‘माहीममध्ये १२ नोव्हेंबरला मोलकरणीने मालकिणीच्या चार तोळ्यांच्या बांगड्या लांबवल्या. विश्वासाने दिलेल्या चावीचा गैरफायदा घेत तिने कपाटावर डल्ला मारला.’

एकेक शब्द तपासा. तारीख चुकली: १२ ही ठाण्यात माहिती मिळाल्याची तारीख. एफआयआरच्या छापील नमुन्यात गुन्ह्याचा काळ रकाना ३(अ) मध्ये असतो आणि ठाण्यात माहिती मिळाल्याची वेळ ३(ब) मध्ये. इथे ३(अ) मध्ये एक वेळ नाही, आठ दिवसांचा पट्टा आहे: १ तारखेच्या रात्री ८ पासून ९ तारखेच्या रात्री ९ पर्यंत. हा पट्टा उडाला की त्या काळात घरी आणखी कोण आले-गेले असेल, हा प्रश्नही वाचकाच्या मनातून उडतो. उशिराचे कारण रकाना ८ मध्ये फिर्यादीच्या बाजूने नोंदलेले असते. उशीर सांगायचा तर ते कारणही सांगायला हवे, नाहीतर सारांश उलट्या दिशेने, फिर्यादीवर संशय घेत झुकतो.

‘कोण’ हा सर्वांत अवघड भाग. फिर्यादी, फिर्यादीने जिचे नाव घेतले ती व्यक्ती आणि माहिती नोंदवणारा अधिकारी, अशी तीन माणसे इथे आहेत. रकाना ७ च्या मथळ्यात ज्ञात, संशयित आणि अज्ञात असे तिन्ही प्रकारचे आरोपी एकत्र येतात. नाव त्या रकान्यात आले एवढ्यावरून पोलिसांनी काही शोधून काढले असे होत नाही. ते फिर्यादीच्या तोंडून आलेले असते. शिवाय या फिर्यादीत बाईंनी स्वतः काय पाहिले? बांगड्या ठेवल्याचे आणि नंतर नसल्याचे. कोणी नेताना पाहिले नाही. चावी ही वस्तुस्थितीची गोष्ट, ‘खात्री’ हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. ‘उडवाउडवीची उत्तरे’ हेही त्यांचे मत आहे, आणि सारांशकाराने ते आपल्या तोंडी घेतले की ते निकालासारखे वाजते.

म्हणून मी हा सारांश असा लिहीन:

‘माहीममधील एका ५८ वर्षीय महिलेने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी ७.२० वाजता पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीवरून न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली गुन्हा नोंदवण्यात आला आहे. १ नोव्हेंबर रात्री ८ ते ९ नोव्हेंबर रात्री ९ या काळात आपल्या राहत्या घरातील कपाटातून चार तोळ्यांच्या सोन्याच्या बांगड्या गेल्याचे फिर्यादीत म्हटले आहे. यापैकी ३ ते ९ नोव्हेंबर आपण परगावी होतो, असे फिर्यादी सांगतात. घराची चावी असलेल्या घरकाम करणाऱ्या महिलेवर त्यांनी संशय घेतला आहे. कोणी बांगड्या नेताना पाहिल्याचा उल्लेख फिर्यादीत नाही. शोध आणि विचारपूस यामुळे तक्रारीस वेळ लागला, असे त्यांनी सांगितले आहे.’

पहिल्या वाक्याचे क्रियापद सरळ, पक्के आहे, कारण नोंद झाली हे खरेच आहे. पुढच्या प्रत्येक वाक्याला सांगणारा जोडलेला आहे. एकदा वर ‘फिर्यादीनुसार’ लिहून पुढची चार वाक्ये मोकळी सोडली तर तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचक ते विसरतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पण ‘म्हटले आहे’च्या जागी ‘दावा केला’, ‘म्हणे’ आणू नये. त्याने फिर्यादी बाई खोट्या ठरतात, आणि तेही आपले काम नाही. संशयित महिलेचे नाव मी घातले नाही. कोण या प्रश्नाचे उत्तर तिच्या नात्यातून, म्हणजे चावी असलेली घरकाम करणारी, एवढ्याने मिळते, आणि नाव फिरले की त्या इमारतीतलीच नव्हे, शेजारच्या चार इमारतींतली कामेही जातात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे.

कलमाचेही तेच. ते पोलिसांनी पहिल्या माहितीवर लावलेले असते, तपासात वाढते, गळते, बदलते. कलमाचे वर्णन सारांशात घालायचे तर ‘या कलमाखाली नोंद’ एवढेच. ‘नोकराने केलेली चोरी’ असे उलगडून लिहिले की कलमच आरोपाचे वाक्य बनते.

शेवटी सारांशावर तो कोणत्या तारखेच्या कागदावरून केला हे असावे. तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतील किंवा प्रकरण बंद करण्यासाठी न्यायालयाकडे समरी अहवाल पाठवतील. मुंबईत ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीविरुद्ध पुरावा नाही किंवा आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. बांगड्या रत्नागिरीच्या घरी ट्रंकेत सापडल्या तर प्रकरण सी समरीत जाऊ शकते. तशी समरी न्यायालयाने मंजूर केली की जुन्या सारांशाखाली तारखेसह तेवढीच एक ओळ जोडायची आणि तो ज्या ज्या ग्रुपवर गेला होता तिथे पुन्हा पाठवायचा.